अस्सल रेतीची वाट

गावाहून मुंबईला परतताना माणसं फणस आणतात, कोकमं आणतात, अगदीच काही नाही तर सुके बांगडे आणून शेजाऱ्यांची झोपमोड करतात. मी रेती आणली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या एकात एक घालून, वर रबर बांधून, बॅगेत कपड्यांच्या मधोमध. लालबागला पुलाखाली पहाटे बस थांबली, मी चाळीचे तीन जिने चढलो आणि बॅग बायकोच्या हाती दिली. तिला वाटलं तिरफळं असतील. तिनं रबर सोडलं, आत बोट घातलं, आणि शांतपणे विचारलं, "आपल्या घरात माती कमी पडत होती का?"

खाटेवर उठून बसलेल्या बाबांनी मात्र हात पुढे केला. चिमूटभर रेती तळहातावर घेतली, नाकाशी नेली. म्हणाले, "आपल्या खाडीची." आणि मग खोकला आला म्हणून बोलणं तिथंच राहिलं.

बाबांचा खोकला आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखा होता, चालू असला की कुणाचं लक्ष जायचं नाही. गिरणीच्या कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात त्यांची उमर गेली आणि गिरणी बंद झाली तेव्हा खात्यातला बराचसा कापूस ते छातीत घेऊन घरी आले. पुढे कुठंकुठं वॉचमनची नोकरी केली. आता जिना उतरायचा म्हटला तरी प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून उभं राहावं लागे. त्यांची आयुष्यात एकच मागणी होती आणि ती त्यांनी कधी मागणी म्हणून केली नव्हती: गावात, वाटणीत आलेल्या तुकड्यावर, स्वतःच्या स्लॅबखाली एकदा पाठ टेकायची. मातीचं घर नाही, कौलंही नाहीत. स्लॅब. जन्मभर दुसऱ्याच्या छपराखाली राहिलेल्या माणसाला छपरावर पाय ठेवून उभं राहता येईल असं छप्पर हवं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी भिंती झाल्या होत्या. चांगल्या जांभ्या चिऱ्याच्या. गावात राहणारा काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, गवंड्यांवर देखरेख करत होता. आता मिरगाच्या आत स्लॅब पडायचा होता. काकानं त्यासाठी ओहोटी बघून होडीनं खाडीतली रेती काढून आणली, अंगणात ढीग घातला आणि मला फोनवर सांगितलं की रेतीची काळजी सोड. मी चाकरमानी. गावच्या माणसानं काळजी सोड म्हटलं की आमची काळजी सुरू होते. शिमग्याच्या सुमारास शनिवार-रविवार धरून गावी गेलो, ढिगाभोवती इंजिनीयरसारखा हात मागे बांधून फिरलो, काही कळलं नाही, म्हणून नमुना घेऊन आलो. दाखवायचा कुणाला, तर शेठला.

शेठचं हार्डवेअरचं दुकान आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या सोडून. दाराशी सिमेंटच्या गोण्यांची थप्पी, बाजूला गोणपाटात भरलेली रेती आणि खडी, वर टांगलेले पाइप, आणि या सगळ्याच्या मागे एका उंच स्टुलावर शेठ. कच्छी माणूस, पण जन्म लालबागचा. त्यामुळे हिशेब कच्छीत, धंदा हिंदीत आणि सल्ले-टोमणे मराठीत. चाळीतला गळका नळ असो की मोरीची लादी, आम्ही त्याच्याकडेच जायचो. पण घर बांधायचंय म्हणून सल्ला मागायला जाणारा आमच्या मजल्यावरचा मी पहिलाच. त्यामुळे मी थोडा तोऱ्यात होतो. मोबाइलवर दोन रात्री व्हिडिओ बघून तयारी केली होती.

"शेठ, सिमेंट त्रेपन्न ग्रेडचंच घ्यायचं ठरवलंय," मी गेल्या गेल्या सांगून टाकलं.

"का?"

"त्रेचाळीसपेक्षा चांगलं ना."

शेठनं चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, ते मार्क नाहीत. त्रेचाळीसवाला नापास आणि त्रेपन्नवाला पास, असं नसतं."

आता हे मला झोंबायचं कारण असं की त्रेपन्न हीच माझी शाळेपासूनची टक्केवारी. पण तोवर शेठ सुरू झाला होता. तो विकायला बसला की कमी बोलतो आणि समजवायला बसला की थांबत नाही. त्याच्या सांगण्याचा अर्थ असा की सिमेंट आणि ठरावीक रेतीचा लहानसा ठोकळा करतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग मशिनीत दाबून फोडतात. तो किती दाब सोसून फुटला, त्याचा आकडा म्हणजे ग्रेड. त्रेपन्नवालं लवकर ताकद धरतं. घाईच्या कामाला, पुलाबिलाला चांगलं. पण लवकर तापतंही, आणि वर उन्हाळ्याचं ऊन असलं नि पाणी मारायला आळस केला की स्लॅबवर केसासारख्या चिरा पडतात. तुमच्या एक मजली घराला त्रेचाळीस भरपूर झालं. आणि खाडीकाठी बांधताय तर त्याहून बरं ते राख मिसळलेलं, पीपीसी.

राख म्हटल्यावर मी दचकलो. सिमेंटमध्ये राख म्हणजे दुधात पाणीच.

"चुलीतली नाही हो. वीज केंद्रातल्या कोळशाची, बारीक. ते सिमेंट सुरुवातीला सावकाश चढतं, मंद आचेवरच्या भातासारखं. पण नंतर अंग घट्ट धरतं. खारा वारा आत लवकर शिरत नाही. एकच सांगतो, स्लॅबखालचे टेकू घाईनं काढायचे नाहीत आणि पाणी दोन आठवडे तोडायचं नाही. वरती मातीची आळी करून पाणी साठवून ठेवा. ग्रेड कुठलाही असू दे, पाणी कमी मारलंत तर सगळे ग्रेड सारखेच."

मग त्यानं गोणी कशी घ्यायची तेही दाखवलं. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष बघायचं, जुनी घ्यायची नाही. गोणीत हात खुपसला तर गार लागलं पाहिजे. गाठी लागल्या तर परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिमेंट शेवटी घ्यायचं. रेती, खडी, सळई, माणसं, सगळं जागेवर आलं की मगच. "सिमेंट म्हणजे मासळी," शेठ म्हणाला. "पावण्याच्या आधी आणून ठेवायची नसते."

मी मान डोलवत होतो. मला सगळं पटत होतं. पटणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बायको मला लग्नापासून सांगत आली आहे.

शेवटी मी पिशवी काढली. शेठनं रेती तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळली, झटकली आणि तळहात उजेडाकडे धरला. माती फारशी लागली नव्हती. मला उगाच अभिमान वाटला, जणू काही मीच ती पिकवली होती. मग त्यानं दोन दाणे जिभेवर ठेवले, क्षणभर तोंड तसंच ठेवलं आणि गल्लीत थुंकला.

"तुम्ही पण घ्या," तो म्हणाला.

मी घेतले. लहानपणी खाडीत पोहताना नाकातोंडात जायचं तेच पाणी.

"खारी आहे," मी म्हटलं.

"मग चकल्या करा हिच्या. स्लॅब नको."

तरीही त्यानं एका जुन्या लोणच्याच्या बरणीत निम्म्याच्या आत रेती भरली, वर पाणी घातलं, झाकण लावून खळाखळा हलवली आणि गल्ल्याशेजारी ठेवून दिली. रेती खाली बसते, माती वर थर धरते. थर जाड असला तर रेती नापास. "हिची माती कमीच निघेल," तो म्हणाला. "पण मीठ बरणीत दिसत नाही ना. संध्याकाळी बाबांना घेऊन या. मी त्यांना समजावतो, तुमच्याच्यानं होणार नाही."

त्याला बरोबर माहीत होतं. काकानं आणलेली, स्वतःच्या खाडीची रेती नको असं बाबांना सांगणं माझ्याच्यानं झालंच नसतं.

संध्याकाळी बाबा उतरले. दोन गल्ल्या चालायला आम्हाला बाजारात जाऊन यावं इतका वेळ लागला. शेठनं त्यांना सिमेंटच्या थप्पीवर पोतं अंथरून बसवलं आणि चहा मागवला. बरणीतलं पाणी नितळ झालं होतं, तळाशी रेती, तिच्यावर मातीची अगदी पातळ, साबुदाण्याच्या पापडासारखी साय.

शेठनं दुकानाच्या छताकडे बोट दाखवलं. तिथं प्लास्टर निखळून लाल, फुगलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, वाळलेल्या माशाच्या बरगड्यांसारख्या. त्या इमारतीचीही पुनर्विकासाची बोलणी चालू होती, त्यामुळे कुणी डागडुजी करत नव्हतं.

"बाबा, हे बघा. मीठ सळईला खातं. गंज चढला की सळई फुगते, फुगली की काँक्रीट आतून फोडते. वरनं पाऊस नको, काही नको. आतल्या आत."

बाबा वर बघत राहिले. "किती वर्सांनी?"

"सांगता येत नाही. धा, पंधरा. मग पोपडे पडायला लागतात."

"पंधरा वर्सां माका खंय लागतत?" बाबा म्हणाले आणि हसले. हसताना खोकला आला आणि चहा पोत्यावर सांडला.

शेठ हसला नाही. बरणी उचलून त्यानं पुन्हा गल्ल्याशेजारी सरकवून ठेवली. मी मोठ्या मुलाला शोभेल असं काहीतरी बोललो, की बाबा, असं बोलू नका, घर पिढ्यांसाठी बांधायचं असतं. पिढ्या म्हणजे माझी मुलगी. ती तेव्हा बंगळुरूला नोकरी शोधत होती आणि गावी गेलं की नेटवर्क नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत फिरायची.

"मग आता रेती खंयसून हाडतलंस?" बाबांनी विचारलं. कुठून आणणार.

याचं उत्तर शेठकडे तयार होतं. दाराशी ठेवलेल्या एका गोणपाटाचं तोंड उघडून त्यानं मूठभर करडी, टोकदार रेती काढली. क्रश सँड. खाणीतला काळा दगड मशिनीत दळून, चाळून, धुऊन केलेली. तुमच्या तालुक्याला खाणी आहेत, तिथं आजच्या आज मिळेल, मीठ नाही, माती नाही. फक्त धुतलेली आहे ना ते बघून घ्या, भुकटी जास्त असली तर नको. दाणा टोकदार असतो म्हणून कालवायला थोडी अडून बसते, पण गवंडी जाणता असला की होतं. धरते मात्र पक्की.

मी ती बोटांत घेतली. मला ती रेती वाटेचना. रेती म्हणजे गोल, पाण्यानं घासलेली, सोनेरी. ही तर रस्त्याच्या कडेला डांबर घालण्याआधी पसरतात तसली कच. आणि शेठच्या दाराशी हिच्याच गोण्या रांगेनं उभ्या. मी मनात म्हटलं, हां. आता कळलं खाडीच्या रेतीला नापास का केलं ते.

"शेठ, ही डुप्लिकेट झाली," मी म्हटलं.

"डुप्लिकेट?" त्यानं मला हाताला धरून दुकानाबाहेर नेलं आणि परळच्या दिशेनं वर दाखवलं. बाबांची गिरणी होती तिथं आता एक टॉवर होता. किती मजली ते मी कधी मोजलं नाही, वर बघितलं की टोपी पडेल इतके. "तो उभा आहे ना? त्यात नदीची रेती चमचाभर तरी असेल का विचारा. सगळी हीच. तो त्याच्यावर उभा राहतो आणि तुमचं एक मजल्याचं घर नाही राहणार?"

बाबा थप्पीवरूनच बोलले. "शेठ सांगता तर घे. माज्या खात्यार उबो असा तो."

मी घेतली नाही. का, ते आज सांगताना माझं मलाच हसू येतं, म्हणून सांगतो. आम्ही चाकरमानी लोक गावी जाताना सगळं मुंबईहून नेतो, कारण गावचं आम्हाला कमी प्रतीचं वाटतं. आणि मुंबईत बसल्यावर गावचंच तेवढं अस्सल वाटतं: गावचा तांदूळ, गावचं खोबरेल, गावच्या नदीची रेती. या दोन वाक्यांच्या मध्ये आमची आयुष्यं निघून जातात. टॉवर कसलाही असो, बाबांच्या घराला मशिनीत दळलेला दगड घालायचा? बाबांच्या घराला अस्सल पाहिजे. बाबांना काय पाहिजे ते बाबा समोर बसून सांगत होते, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

घाट उतरल्यावर लागणाऱ्या नदीवर रेतीचा परवाना निघणार असल्याची बातमी होती. एका एजंटानं सांगितलं, पुढच्या आठवड्यात गाडी टाकतो, धुतल्या तांदळासारखी रेती. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. शेठवर नाही. शेठ दोन गल्ल्या सोडून होता, त्याच्याकडे उद्याही जाता आलं असतं, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत कमी. एजंट कधी दिसलाच नाही, त्यामुळे त्याचा शब्द सोन्याचा.

वर आणखी शहाणपणा केला. रेती येतेच आहे, म्हणून तालुक्यातून सिमेंट उचलून काकाच्या पडवीत लावून टाकलं. त्रेपन्न ग्रेडचं. शेठला हे सांगितलं नाही.

काका खाडीच्या रेतीवरून रुसला होता. ओहोटीच्या वेळा बघून, कंबरभर पाण्यात उभं राहून काढलेली रेती पुतण्यानं मुंबईला नेऊन लोणच्याच्या बरणीत नापास केली, हे गावभर झालं. तो फोनवर तुटक बोलायचा. एजंटाची गाडी आली का विचारलं की "तुझी अस्सल गाडी येवक नाय" एवढंच. स्लॅबचा साचा बांधणारे सेंटरिंगवाले येऊन गेले, रेती नाही म्हणून दुसऱ्या गावच्या स्लॅबला गेले. पुढचा आठवडा पुढे पुढे जात राहिला. परवाना कुठं अडला होता ते एजंटालाही माहीत नव्हतं किंवा माहीत असून सांगत नव्हता. मिरग आला आणि प्रश्नच मिटला. पावसात स्लॅब कोण टाकणार.

एकदा काकानं व्हिडिओ कॉल केला तेव्हा बाबा फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत बसले. छप्पर नसलेल्या चार भिंती, आत गुडघ्याएवढं तण, चिऱ्यांवर हिरवं शेवाळ. काका पायानं तण बाजूला करत चालत होता आणि पाऊस थेट हॉलमध्ये पडत होता.

"हॉलात पेरा काय तरी," बाबा म्हणाले. "फुकट कित्याक जावचा?"

काका हसला. फोनमध्ये त्याचा रुसवा तेवढ्यापुरता गेलेला दिसला. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. खिडकीतून तो टॉवर दिसायचा.

त्यानंतर बाबा परळच्या इस्पितळात ये-जा करू लागले आणि एकदा आत गेले ते परत आलेच नाहीत. शेवटच्या दिवसांत ऑक्सिजनच्या नळीमुळे बोलता येत नसे. मी जवळ बसून सांगायचो की रेती येतेय, दिवाळीनंतर लगेच स्लॅब. ते माझ्याकडे बघायचे आणि मग वर, वॉर्डाच्या छताकडे बघत राहायचे. तिथंही प्लास्टर गेलं होतं. तिथंही सळ्या दिसत होत्या. दुसरं काहीतरी बघायला मिळावं म्हणून मी नर्सला सांगून खाट सरकवून घेतली, तर समोर गॅलरीचा छज्जा आला, तो त्याहून वाईट.

गणपतीच्या आधी गेले. सुतकात होतो म्हणून त्या वर्षी आमच्याकडे काही नव्हतं. सगळ्या लालबागात उभं राहायला जागा नाही, रांगा आमच्या चाळीच्या दारापर्यंत आलेल्या, ढोल रात्री उशिरापर्यंत, आणि आम्ही खोलीचं दार लोटून बसलेलो. खाट तशीच. कुणीतरी ती दुमडून ठेवायला हवी होती, पण ते कुणी केलं नाही. बायको त्या दिवसांत मला काहीही लागेल असं बोलली नाही, आणि ते टोमण्यांपेक्षा जड गेलं.

दिवाळीनंतर गावी गेलो. आधी पडवीत जाऊन सिमेंटच्या गोण्या बघितल्या. काकानं खाली फळ्या घातल्या होत्या, वर ताडपत्रीही टाकली होती, तरी कोकणातला पावसाळा तो. गोणीवर मूठ मारली तर मूठ दुखली. एकेक गोणी म्हणजे गोणीच्या आकाराचा दगड. शेठच्या मासळीचं काय झालं होतं ते हातानंच कळलं. काकानं कागद फाडून त्यातल्या काही विहिरीकडे जाणाऱ्या उतारावर पायऱ्या म्हणून लावल्या. अजून आहेत, पाय घसरत नाही.

नदीच्या रेतीचा परवाना तेव्हाही निघाला नव्हता. पुढच्या आठवड्यात निघणार होता.

मी तालुक्याच्या खाणीवर गेलो. करड्या रेतीचे डोंगर पडलेले. मूठभर घेतली, चोळली, हाताला भुकटी फार लागली नाही. दोन दाणे जिभेवर ठेवले. काहीच चव नव्हती. खाणीवरचा माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, मुंबईचा माणूस, आजकाल हे पण खायला लागले. दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात उतरली. एवढंच होतं. फोन करायचा, पत्ता सांगायचा, गाडी येते. शिमग्याच्या सुमारास केलं असतं तर शिमग्याला आली असती.

राखेचं सिमेंट आणलं, गाडी उतरल्यानंतर. गोणीवरचा आठवडा बघितला, हात खुपसून बघितला. स्लॅब पडला त्या दिवशी काका वर, मी खाली. मग आळी केली, पाणी साठवलं. मी रजा टाकून राहिलो आणि पाणी स्वतः मारलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गवंडी म्हणाला, एवढं लागत नाही. मी म्हटलं, असू दे. टेकू काढायला तो घाई करत होता, मी काढू दिले नाहीत. शेजारी म्हणायचे, याला वेड लागलंय, स्लॅबला बाळासारखी आंघोळ घालतो. आजही त्या स्लॅबवर एक चीर नाही. खालून बोटानं वाजवला तर खणखणीत वाजतो. त्याच्याखाली कुणी राहत नाही. वर्षातून दोनदा आम्ही जातो, जाळी काढतो, खिडक्या उघडतो, पुन्हा लावतो. बाबांची लोखंडी खाट तिकडे नेऊन ठेवली आहे. तिच्यावर मी एकदा पाठ टेकून पाहिली. वर बघितलं, सपाट, करडं, स्वच्छ. झोप लागली नाही.

स्लॅब टाकून मुंबईला परत आल्यावर बरेच दिवस शेठच्या गल्लीनं गेलो नाही. नळाची वायसर हवी होती तीही भारतमाता थिएटरच्या बाजूनं लांब जाऊन घेतली. पण एके दिवशी मोरीचा पाइपच फुटला आणि घाईनं त्याच्याकडेच जावं लागलं.

दुकानात एक तरुण उभा होता. शर्ट खोचलेला, हातात मोबाइल, चेहऱ्यावर माझाच तोरा. शहापूरकडे प्लॉट घेतला होता आणि पहिलंच घर. शेठ त्याला गल्ल्याशेजारची लोणच्याची बरणी हलवून दाखवत होता. मी ती ओळखली. झाकणाला गंज चढला होता, आतली रेती पुन्हा पुन्हा ढवळून पुन्हा पुन्हा बसलेली. बाबांनी हुंगलेली, आपल्या खाडीची.

शेठनं मला बघितलं आणि बरणी खाली ठेवली. बाबांचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. तो स्टुलावरून उतरला, जे तो कुणासाठी करत नाही. पण बोलला ते धंद्याचंच. "स्लॅब पडला?"

"पडला."

"पाणी किती दिवस मारलं?"

"भरपूर."

त्यानं मान हलवली. माझा पाइप शोधायला तो आत गेला आणि लागेल त्याहून जास्त वेळ आत राहिला. तो तरुण बरणीकडे आणि दाराशी ठेवलेल्या करड्या गोणपाटांकडे आळीपाळीनं बघत होता. कशाचा विचार करतोय ते मला पुरतं माहीत होतं. शेवटी तो माझ्या जवळ सरकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, तुम्ही बांधलंय ना घर? हे लोक क्रश सँडच गळ्यात मारतात. आमच्याकडे एकजण म्हणतोय, थोडं थांबा, नदीची अस्सल देतो. तुम्ही कुठली वापरली?"

"हीच."

"कशी निघाली?"

मी वर बघितलं. दुकानाच्या छतातून आणखी एक पोपडा निघाला होता, आणखी एक सळई बाहेर आली होती.

"चांगली आहे," मी म्हटलं. "तुमचे वडील आहेत?"

तो गोंधळला. "आहेत. का?"

"मग आज घेऊन जा."